जुन्या कोडवरची बोली

सव्वाबारा वाजता पडद्यावरचा आकडा सात हजारांच्या खाली उतरला आणि सुरुचीने हातातलं पेन खाली ठेवलं. कळमेश्वरच्या कारखान्यातली मीटिंगची खोली, एसी अठरावर, भिंतीवर भलामोठा पडदा आणि त्यावर हिरव्या अक्षरांत सहा हजार नऊशे पन्नास. दीड मिनिटात तो आकडा लुकलुकला आणि सहा हजार नऊशे झाला.

"क्या बात है!" म्हणत गौरांगने टेबलावर बोटांनी ताल धरला.

गौरांग खरेदी खात्याचा प्रमुख आणि सुरुची त्याची उपव्यवस्थापक. तो चौतीसचा, ती बेचाळीसची. तो इथे येऊन दोन वर्षं झाली होती, तिला सोळा. तो वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढे त्याच्यावर फुकटचा राग धराल. त्याच्या हातात एक हत्यार आलं होतं आणि ते एकदा चाललं होतं, एवढंच.

ते हत्यार म्हणजे उलटा लिलाव. साध्या लिलावात माल एकाचा, घेणारे अनेक आणि भाव चढत जातो. इथे घेणारा एक, विकणारे अनेक आणि भाव उतरत जातो. प्रत्येक जण आपापल्या जागी मोबाइल नाहीतर लॅपटॉप घेऊन बसतो. त्याला सध्याचा सर्वांत कमी भाव दिसतो आणि आपला नंबर कितवा ते दिसतं. बाकीचे कोण आहेत ते दिसत नाही. दुसरा नंबर दिसला की त्याचं डोकं फिरतं आणि तो पन्नास रुपये उतरतो. वेळ संपता संपता कुणी उतरला तर घड्याळ आपोआप तीन मिनिटं पुढे सरकतं. म्हणजे जोपर्यंत दोघे तरी हट्टाला पेटलेले आहेत तोपर्यंत ते थांबत नाही. लिलाव चालवणारी कंपनी बाहेरची, त्यामुळे संपेपर्यंत नावं कारखान्यालाही दिसत नाहीत. बोलीदार एक, बोलीदार दोन, असेच आकडे. मधेच कुणी फोन केला असं म्हणायला जागा नको, म्हणून.

दिवाळीआधी पुठ्ठ्याच्या खोक्यांवर हे केलं तेव्हा सुरुचीनेच टाळ्या वाजवल्या होत्या. खोकं म्हणजे खोकं. लांबी, रुंदी, किती थरांचं, किती वजन सोसेल, सगळं कागदावर लिहिता येतं. आणि नागपूरच्या आसपास तसं खोकं करून देणारे नऊ जण आहेत. भाव चौदा टक्के उतरला. ज्याला काम मिळालं तो अनिश हसत हसत म्हणाला, "मॅडम, इतकी वर्षं आम्ही तुमच्याकडून जरा जास्तच घेऊन राहिलो होतो." ज्यांना मिळालं नाही ते पुढच्या वेळी बघू म्हणून गेले. कुणाचं घर बुडालं नाही की कुणी रुसलं नाही. मुख्य कचेरीतून गौरांगला शाबासकीचा मेल आला आणि तिथून पुढे त्याला कारखान्यातली प्रत्येक वस्तू खोकं दिसायला लागली.

आज पडद्यावर होते रबरी रोल.

हा कारखाना वेफर्स-फरसाणाच्या पिशव्यांचं प्लास्टिक छापतो. छापताना ते प्लास्टिक रबर चढवलेल्या जाडजूड रोलांवरून धावतं. रबर झिजलं की रोल काढायचा, जुनं रबर सोलायचं, नवं चढवायचं, वाफेच्या भट्टीत शिजवायचं आणि घासून नेमक्या मापाला आणायचं. वर्षाला असे एकशेवीस रोल. हे काम बारा वर्षं एकच माणूस करत होता. रुपरावभाऊ. कळमेश्वरच्याच एमआयडीसीत मागच्या गल्लीत त्याची शेड, सात कामगार, एक भट्टी, दोन घासायच्या मशीन. त्याच्याकडच्या दहा रोलांतले सात याच कारखान्याचे.

आणि रुपराव काय करायचा ते कुठल्याच कागदावर नव्हतं. तीन नंबरच्या मशीनची चौकट केसभर वाकलेली आहे, म्हणून तिचा रोल मध्ये किंचित फुगीर ठेवावा लागतो, नाहीतर प्लास्टिकला सुरकुत्या पडतात. नकाशात रोल सरळ आहे. रुपरावच्या खिशातल्या निळ्या वहीत तो फुगीर आहे. पाच नंबरला रबर जरा मऊ लागतं, कारण तिथला ऑपरेटर दाब जास्त ठेवतो. तेही वहीत. रविवारी मशीन थांबली तर सुरुची फोन करायची आणि रुपराव स्कूटीच्या पायाशी रोल आडवा टाकून हजर व्हायचा. दोन वर्षांपूर्वी रबर महागलं तेव्हा तो आपल्या खर्चाचा हिशेबाचा कागद घेऊन आला आणि तिच्या टेबलावर उलगडून ठेवला. एका रोलमागे रबर एक्कावन्नशे, वीज, वाफ, मजुरी धरून आणखी दोन हजार. "याच्यावर तुमी जे द्याल ते आमचं," म्हणाला. कोणता माल देणारा आपले पत्ते असे उघडे करतो? सुरुचीने तेव्हा भाव वाढवून बाण्णवशे केला होता.

म्हणून सात हजारांचा आकडा गेला आणि तिने पेन खाली ठेवलं. एकाहत्तरशेला त्याचा निव्वळ खर्च होता. त्याच्या खाली रुपराव येणं शक्य नाही. म्हणजे तो बाहेर पडला. बोलीदार एक, तीन आणि पाच तर केव्हाच थांबले होते. शेवटचा त्र्याऐंशीशे पन्नासवर. आता फक्त दोन आणि चार झुंजत होते आणि त्यातला रुपराव एकही नव्हता. बारा वर्षांनंतर त्याला हे कोण सांगणार? तिलाच सांगावं लागणार.

"सर, थांबवू या," ती म्हणाली. "या भावात रबर-मजुरीचा खर्चसुद्धा निघत नाही. कुणीतरी काम पळवायला तोट्यात उतरतोय. नंतर हलकं रबर लावेल, नाहीतर मधेच सोडून पळेल."

"आपल्याला मधे हात घालता येत नाही. नियम आहे." गौरांगने पडद्यावरून नजर काढली नाही. "आणि ताई, आपण कोण त्यांचा खर्च ठरवणारे? बाजार ठरवतोय ना. पाच पार्ट्या आहेत."

पाच पार्ट्या. गौरांगची अटच होती, पाचाच्या खाली लिलाव नाही. या कामाचे पाच जण शोधताना सुरुचीचा जीव मेटाकुटीला आला होता. रुपराव, रायपूरचा एक, इंदूरचा एक, पुण्याचा एक. जबलपूरच्या पाचव्याने अर्ज नेला होता पण भरून पाठवला नव्हता. मग परवा निमंत्रणं सोडताना तिने 'रबर चढवणे' या वर्गावर खूण केली आणि कोपऱ्यात पाच असा आकडा आला. भरला वाटतं जबलपूरवाल्याने, असं म्हणून तिने सुटकेचा श्वास सोडला आणि यादी न उघडता बटण दाबलं. एक बोट खाली सरकवायचं होतं फक्त. नाही सरकवलं.

साडेबारा. सहा हजार चारशे. पाऊण. सहा हजार. गौरांगचा ताल थांबला होता, तोही आता तोंड उघडं टाकून बघत होता. पन्नास, पन्नास, पन्नास. एक उतरला की दुसरा दोन मिनिटांच्या आत. आकडा आता रबराच्या नुसत्या किमतीकडे चालला होता. जुगारातसुद्धा माणूस कधीतरी उठतो, हे दोघे कोण आहेत?

एक वाजता चार नंबरने छप्पन्नशे पन्नास केले आणि दोन नंबर थांबला. तीन मिनिटं गेली. घड्याळ शून्यावर आलं.

"अडतीस टक्के!" गौरांग उभाच राहिला. "वर्षाला सव्वाचार लाख. एका दुपारी!" त्याने तिथल्या तिथे मोबाइलवर मुख्य कचेरीला मेल टाकला. अभिनंदन म्हणत सुरुचीचा हातही हातात घेतला. तिच्या तोंडाकडे त्याचं लक्ष नव्हतं.

सुरुचीने नावांचं पान उघडलं.

बोलीदार चार: रुपराव रबर वर्क्स.

तिने वाचलं, पुन्हा वाचलं. हे कसं शक्य आहे? रुपराव छप्पन्नशेला? आणि मग तिची नजर खालच्या ओळीवर गेली.

बोलीदार दोन: आर. यू. रोल इंडस्ट्रीज.

आर म्हणजे रुपराव आणि यू म्हणजे उन्नती, त्याची मुलगी. एप्रिलमध्ये रुपरावने डिप्लोमा झालेल्या मुलीला भागीदार केलं, नवी फर्म, नवा पॅन, नवा जीएसटी. माल देणाऱ्या प्रत्येक फर्मचा कारखान्याच्या संगणकात एक कोड असतो, हा नवा कोड सुरुचीनेच आपल्या हाताने उघडला होता. एकच पॅन दोनदा आला तर संगणक ओरडतो, पण इथे पॅनच वेगळा, तो कशाला ओरडेल? जुना कोड तेव्हाच बंद करायचा होता. पण कारखान्याचे चौदा राखीव रोल जुन्या नावाच्या गेटपासवर रुपरावच्या शेडमध्ये पडलेले होते. कोड बंद केला असता तर ते रोल गेटमधून आत आले नसते. त्याची पंचाईत नको म्हणून तिने तो राहू दिला होता. एका महिन्यापुरता. जुन्या कोडवर मोबाइल रुपरावचा, नव्यावर उन्नतीचा. पुढे कुणाच्या लक्षात राहतं?

जबलपूरवाल्याने अर्ज भरलाच नव्हता. पाच पार्ट्या नव्हत्याच. चार होत्या, आणि त्र्याऐंशीशे पन्नासला रायपूरवाला थांबला तेव्हाच खरा लिलाव संपला होता. तिथून पुढे दीड तास तिने एका घराला स्वतःशीच झुंजताना बघितलं होतं.

"सर," ती म्हणाली. "सर, हे दोघं एकच आहेत."

गौरांग काही म्हणणार तेवढ्यात गेटवरून फोन आला. रुपरावजी आलेत म्हणे, हातात मिठाई आहे.

रुपराव आत आला तो घामाघूम पण तोंडभर हसत. हातात संत्रा बर्फीचा डबा. डबा टेबलावर ठेवून त्याने आधी गौरांगला हात जोडले, मग तिला. "मॅडम, राहिलं बुवा काम! एक नंबर दिसला तवा जीवात जीव आला. लई खाली जा लागलं, पण शेड चालू राहीन. सात घरं आहेत मांगं."

सुरुचीला त्याच्या हसऱ्या तोंडाकडे बघवेना आणि नजर काढवेना.

"भाऊ, तुम्ही स्वतः बोली लावली? उन्नती लावणार होती ना?"

"तेच तं!" रुपराव खुर्चीत टेकला. "ठरलं होतं का पोरगीच लावन. घरून. चौऱ्याहत्तरशेच्या खाली जायचं नाही, असं मीच सांगतलं होतं तिले. अन् तिनं मले सांगतलं, बाबा, फोन नका करजा, मोबाइलचा हॉटस्पॉट लावून बसतो, फोन आला का नेट तुटते. मी म्हटलं बरं. मंग माह्या मोबाइलवर मेसेज आला, लिलाव चालू झाला म्हणून. म्हटलं पाहू तं द्या, पोरगी काय करून राहिली. उघडलं तं आपला नंबर दुसरा. मी थांबलो. दोन मिनिटं झाली, तरी दुसराच. म्हटलं नेट गेलं वाटते पोरीचं. फोन कराव तं तिनंच मनाई केली. मंग मीच एकडाव दाबलं. झाला नंबर पहिला! पण जरा वेळानं पाहतो तं पुन्हा दुसरा. मंग दाबतच गेलो."

"आणि चौऱ्याहत्तरशेला?"

रुपरावने मान खाली घातली, पण हसू होतंच. "तिले मीच हद्द घालून देल्ली होती ना. ते थांबली असन. शब्दाची पक्की आहे पोरगी. पण मालक मी. मले तं हद्द मोडता येते. म्हटलं, ह्या साली घरातलं घालू, पण काम नाही जाऊ देत."

दार उघडलं. उन्नती दारात उभी होती. लॅपटॉपची पिशवी खांद्यावर, रडून सुजलेले डोळे. तिला बाप तिथे असेल याची कल्पना नव्हती. ती सुरुचीकडे बघूनच बोलायला लागली.

"मॅडम, हरली मी. बाबांना अजून सांगितलं नाही. त्यांनी चौऱ्याहत्तरशे सांगितले होते, मी पार सत्तावन्नशेपर्यंत गेली. तो समोरचा हरामखोर थांबूनच नाही राहिला. आता तुम्हीच..." आणि तिला खुर्चीतला बाप दिसला. टेबलावरचा बर्फीचा डबा दिसला.

"काहून वं?" रुपराव म्हणाला. "हरली काहून? आपण जितलो ना. छप्पन्नशे पन्नास. मीच दाबलं."

उन्नतीला आधी कळलं. तिने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली, ठेवली कसली, ती हातातून गळालीच. मग तिने बापाकडे असं पाहिलं की सुरुचीला वाटलं आपण या खोलीत नसतो तर बरं झालं असतं.

"बाबा, तुमी कायले हात लावला मोबाइलले? समोर मी होती. मीच होती ना!"

रुपरावचं हसू जागच्या जागी मावळलं. त्याने मोबाइल काढून पडद्याकडे पाहिलं, जणू तो काही सांगेल. मग उन्नतीकडे. मग सुरुचीकडे. "मंग ते बाकीचे?" त्याने विचारलं. "दुसरे लोक होते ना मॅडम? तुमी म्हटलं होतं पाच जण आहेत."

"बाकीचे केव्हाच थांबले होते, भाऊ," सुरुची म्हणाली. "त्र्याऐंशीशेलाच."

मागचे सत्तावीसशे रुपये त्या बापलेकीने एकमेकांच्या हातातून ओढून काढले होते. तेही एकमेकांना वाचवण्यासाठी. धक्का बसणं म्हणजे काय हे सुरुचीला वाटायचं आपल्याला माहीत आहे. वडील गेले तेव्हा बसला होता. पण त्यात कुणाची चूक नव्हती. इथे तिची होती, आणि ती अजून कुणालाच माहीत नव्हती.

त्या दोघांना बाहेर बसवून गौरांगने दार लावलं. तो पांढराफटक पडला होता, हेही सांगायला हवं. पण मेल जाऊन चुकला होता.

"बघा ताई," तो हळू आवाजात म्हणाला, "दोन रस्ते आहेत. एक, आपण काही बघितलं नाही. कोड वेगळे, पॅन वेगळे, कागदावर दोन फर्मा आहेत. भाव लागला तो लागला, बोली परत घेता येत नाही, त्यांनी माल द्यावा. दुसरा, आपण खरं लिहायचं. पण मग लिलावाच्या नियमांतलं कलम अकरा. एकाच घरातल्यांनी दोन नावांनी बोली लावली तर ती मिलीभगत. दोन वर्षं बंदी, दोन्ही फर्मांवर. खरं लिहिलंत तर तुमच्या रुपरावचंच नाव काळ्या यादीत जाईल."

"मिलीभगत? भाव पाडायला?" सुरुची जवळजवळ ओरडली. "मिलीभगत करणारे भाव चढवतात, सर! यांनी स्वतःचा गळा कापलाय."

"ते मला कळतं. कलमाला कळत नाही."

ती आपल्या टेबलावर गेली. बाहेरच्या बाकावर बापलेक बसलेले तिला काचेतून दिसत होते, मधे एका माणसाची जागा सोडून. तिसरा रस्ता होता, तो गौरांगने सांगितला नव्हता, कदाचित त्याला माहीतही नव्हता. दोन्ही नावांना बोलावणं कारखान्यानेच धाडलं असेल, तर ती मिलीभगत होत नाही, ती कारखान्याची चूक होते. मग लिलाव रद्द होतो. पण चूक कुणाची, ते नावानिशी लिहावं लागतं.

सोळा वर्षांत तिच्या फायलीवर एक लाल रेघ नव्हती. जानेवारीत व्यवस्थापकाची जागा निघणार होती आणि ती तिचीच, असं सगळे धरून चालले होते. तिने टाइप करायला घेतलं. जुना कोड बंद करण्याची जबाबदारी माझी होती, मी केली नाही. बोलीदारांची यादी न तपासता मी निमंत्रणं पाठवली. प्रत्यक्षात चारच पार्ट्या होत्या. दोन्ही फर्मांना एकमेकांच्या बोलीची माहिती नव्हती. खाली सही.

तिला मेमो मिळाला. जानेवारीची जागा गेली, हे कुणी बोललं नाही पण ते झालंच. लिलाव रद्द झाला. रुपरावचं नाव काळ्या यादीत गेलं नाही. आता सगळं मार्गाला लागेल असं तिला वाटलं, आणि इथेच तिला दुसरा धक्का बसायचा होता.

"रद्द तर रद्द," गौरांग म्हणाला. मुख्य कचेरीला त्याने अडतीस टक्के सांगून ठेवले होते, ते त्याच्या मानेवर बसले होते. "पण आता समोरासमोर बसून बोलू. सहा हजारांपासून सुरू करा. छप्पन्नशेला तयार झाला होता ना तो? म्हणजे जागा आहे."

"सर, ती जागा नव्हती. ती भीती होती."

"आकडा तर खरा होता ना?"

सुरुचीने मुख्य कचेरीपर्यंत भांडून त्र्याऐंशीशे मंजूर करून आणले. रायपूरवाल्यापेक्षा पन्नास कमी, रुपरावच्या खर्चापेक्षा बाराशे जास्त. सोळा वर्षांत ती इतकी कुणासाठी भांडली नव्हती. कारखान्याचेही रोलमागे नऊशे वाचत होते. पहिल्याच दिवशी हा भाव लागला असता तर सगळ्यांनी बर्फी खाल्ली असती. तिने रुपरावला निरोप धाडला, या, सही करायची आहे.

लिलावानंतर अकराव्या दिवशी तो आला. छोटा हत्ती टेम्पो घेऊन, आणि टेम्पोत चौदा रोल, प्रत्येक गोणपाटात गुंडाळलेला. सोबत उन्नती. गेटवर जुन्या नावाचा पास दाखवून त्याने सगळे रोल मोजून उतरवले आणि मग तो सुरुचीच्या टेबलासमोर येऊन बसला. तिने करार पुढे सरकवला. त्याने तो नीट वाचला. चष्मा काढला.

"भाव चांगला आहे, मॅडम. तुमी लई केलं. मले समजलं सारं, मेमोचं बी."

"मग करा ना सही."

"नाही जमत."

तिला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "काय नाही जमत, भाऊ?"

"दोन वर्षाआधी मी तुमाले हिशेबाचा कागद दाखवला होता. तो माह्या मनानं दाखवला. त्यादिवशी तुमच्या मशिनीनं मले कपडे काढून पाह्यलं." तो शांत बोलत होता, त्याचाच तिला जास्त धसका बसला. "आता मी पंच्याऐंशीशे म्हटलं का साहेबाच्या डोळ्यात छप्पन्नशे दिसते. दर साली दिसन. अन् खरं सांगू? तुमच्या बी दिसन. तुमी चांगल्या आहात, म्हणून बोलणार नाही. पण दिसन."

"शेडचं काय? सात घरं?"

"बुटीबोरीच्या दोन कंपन्यांचं काम भेटलं. कमी आहे. तिघाले सुट्टी द्या लागली, एक मशीन इकली." उन्नतीने मान दुसरीकडे फिरवली. "आठ दिवस आमी दोघं एका ताटाशी बसलो नाही, मॅडम. पोरगी मले म्हणते, तुमचा माह्यावर भरोसा नव्हता. मी तिले म्हणतो, तुह्या बापाचा शब्द तू मोडला. दोघाचं बी खरं आहे. पुन्हा त्या पडद्यासमोर नाही बसायचं, एवढं मातर आमचं दोघाचं ठरलं."

त्याने खिशातून निळी वही काढली आणि करारावर ठेवली. "रायपूरवाल्याले काम देसाल तं हे देजा. तीन नंबरचा रोल मधात फुगीर लागते, नकाशावर भरोसा नका ठेवजा. पाच नंबरचं रबर मऊ. सारं लिहेल आहे."

सुरुचीने वहीवर हात ठेवला. समोर काचेमागे गौरांग फोनवर बोलत होता, त्याला यातलं काही ऐकू जात नव्हतं. त्या दिवशीचा बर्फीचा डबा अजून तिच्या खणात होता. तो ना तिने उघडला होता, ना फेकायचा धीर झाला होता.

"आता रोल सारे आले," रुपराव म्हणाला. "तो जुना कोड बंद करून टाका. माह्यासमोर करा."

तिने संगणक आपल्याकडे वळवला. रुपराव रबर वर्क्स. बंद करायचा आहे का? होय. पडद्यावर ती ओळ राखाडी झाली. एप्रिलमध्ये करायचं काम, अर्ध्या मिनिटाचं.

रुपरावने खुर्चीवरून उठत उन्नतीकडे पाहिलं. तिने मान हलवली.

"आता नवा बी बंद करा," तो म्हणाला.

सुरुची त्याच्याकडे बघत राहिली. तिचं बोट बटणावर होतं आणि ते दाबेपर्यंत ते दोघं टेबलासमोरून हलले नाहीत.